एकच सूत्र, पण फुप्फुसात लहान फुगा मिटतो आणि महाधमनीत मोठा फुटतो, असं का?

तळजाईकर

माझ्या थोरल्या भावाचं वय ७१. गेल्या महिन्यात मुतखड्याच्या शंकेने पोटाची सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण पोटातली महाधमनी ४.१ सेंटीमीटर रुंद झाल्याचं रिपोर्टात आलं. डॉक्टरांनी नीट समजावलं: सिगरेट आजपासून बंद, बीपीची गोळी चुकवायची नाही, ठरलेल्या तारखेला पुन्हा सोनोग्राफी. ऑपरेशन सध्या नाही.

माझी पुतणी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "काका, हा लाप्लासचा नियम. नळीची त्रिज्या वाढली की तेवढ्याच दाबाला भिंतीवरचा ताण वाढतो, म्हणून रुंद झालेली धमनी जास्त धोक्याची." तिने वहीत लिहून दाखवलं:

T = P × r

हे पटलं. पण त्याच वहीत पुढच्या पानावर फुप्फुसातले वायुकोश होते. तिथे लिहिलेलं, की याच नियमाने लहान वायुकोशात दाब जास्त, म्हणून लहान मिटतो आणि त्यातली हवा मोठ्यात जाते. म्हणजे इथे मोठा धोक्यात, तिथे लहान धोक्यात. मी ३४ वर्षं बँकेत हिशेब तपासले. एकाच नोंदीतून दोन उलटे निकाल निघाले की कुठेतरी काहीतरी वाचायचं राहिलेलं असतं. दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो, पण सुटत नाही. कुणी समजावून सांगेल का? शक्यतो भावाच्या ४.१ या आकड्याला धरून सांगा, कारण माझं मन तिथेच अडकलंय.

भोसरीकर

काका, मी भोसरी एमआयडीसीत प्रेशर व्हेसल बनवण्याच्या कामात २२ वर्षं आहे. तुमच्या पुतणीचं सूत्र आम्ही रोज वापरतो, फक्त त्यात प्लेटची जाडी भागाकारात घेतो. गोल पिंपाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या जोडावर जो ताण येतो तो आडव्या गोल जोडाच्या दुप्पट असतो, म्हणून पिंप फाटलं तर उभं फाटतं. सॉसपॅनमध्ये उकळताना सॉसेज कसं लांबीत चिरतं, तसंच.

पण घाबरून जाऊ नका, दोन गोष्टी भावाच्या बाजूने आहेत. एक, पाइप रुंद झाला की तिथे प्रवाह मंदावतो आणि दाब कमी होतो. दोन, माझ्या मेव्हण्याच्या वडिलांना हेच होतं, त्यांच्या स्कॅनमध्ये फुगवट्याच्या आत रक्ताच्या गुठळीचा जाड थर बसलेला होता. म्हणजे भिंत आपोआप जाड झाली. जाडी वाढली की ताण कमी. त्यामुळे नुसत्या त्रिज्येवरून धोका ठरवणं मला पटत नाही.

उभीच_असते

मी शाळेत शिकवते, दिवसाचे सहा तास उभी. पिंढरीवरच्या निळ्या शिरा गेल्या चार वर्षांत करंगळीएवढ्या फुगल्या आहेत. हा धागा वाचून पोटात गोळा आला. रुंद झालेली रक्तवाहिनी फुटते म्हणताय, मग माझ्या या शिराही फुटणार का? डॉक्टरांनी फक्त घट्ट मोजे दिले आहेत.

भूलतज्ज्ञ_ताई

मी निवृत्त भूलतज्ज्ञ आहे. धमनीचे फुगवटे, कमी दिवसांची बाळं आणि थकलेली हृदयं, तिन्ही टेबलावर पाहिली आहेत, म्हणून सावकाश लिहिते.

तळजाईकर, तुमचं काय राहून गेलंय ते सांगते. सूत्रात तीन अक्षरं आहेत, दाब, त्रिज्या आणि ताण. सूत्र एवढंच म्हणतं की या तिघांचा मेळ बसला पाहिजे. त्यातलं कोण हट्टी आहे आणि कुणाला नमतं घ्यावं लागतं, हे सूत्र सांगत नाही. ते त्या त्या जागेवर पाहावं लागतं.

महाधमनीत हट्टी आहे तो दाब. हृदय १२० चा दाब देतं. पोटातली चार-पाच इंच धमनी रुंद झाली म्हणून तो बदलत नाही. त्रिज्या वाढली तर भिंतीलाच जास्त ओढ सोसावी लागते, दुसरा मार्ग नाही.

वायुकोशात हट्टी आहे तो ताण. तिथे ओढणारी मुख्यतः आतल्या ओलाव्याची कातडी असते, पाण्याच्या पृष्ठभागाला असते तशी. नुसतं पाणी असेल तर ही ओढ वायुकोश लहान असो की मोठा, तेवढीच राहते. मग नमतं कुणी घ्यायचं? दाबाने. लहान वायुकोश उघडा ठेवायला जास्त दाब लागतो, आणि तो मिळाला नाही तर वायुकोश मिटतो.

आता भावाचा आकडा. तिथली धमनी साधारण २ सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे त्रिज्या १. भिंतीची १ सेंटीमीटर रुंदीची पट्टी डोळ्यांसमोर आणा, कंबरपट्ट्यासारखी धमनीला गोल गुंडाळलेली. दाब १२० असताना त्या पट्टीला जी ओढ बसते ती पट्टीच्या टोकाला १६३ ग्रॅमचं वजन टांगण्याइतकी. रुंदी ४.१ झाली की तेवढ्याच दाबाला ती ओढ ३३४ ग्रॅम. ५.५ झाली तर ४४९. दर ठोक्याला, झोपेतसुद्धा. आणि ओढीने भिंत अजून थोडी सैल पडली की त्रिज्या वाढते, त्रिज्या वाढली की ओढ वाढते. म्हणून फुगवटा आपणहून मागे फिरत नाही.

भोसरीकर, तुमची पहिली गोष्ट उलटी आहे. पाइप रुंद झाला की वेग कमी होतो हे बरोबर. पण वेग कमी झाला की भिंतीवरचा दाब किंचित वाढतो, कमी होत नाही. दाब कमी होतो तो अरुंद जागी. आणि महाधमनीतल्या सरासरी वेगाने हिशेब केला तर हा फरक पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी येतो. १२० पुढे तो सोडून द्या.

गुठळीच्या थराबद्दल उद्या लिहिते, तो प्रश्न खरंच अवघड आहे.

उभीच_असते, तुमच्या शिरा वेगळ्या. उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत दाब ९० च्या आसपास जातो हे खरं, पण शिरेची त्रिज्या ३ मिलिमीटर धरली तर तीच १ सेंटीमीटरची पट्टी फक्त ३७ ग्रॅमची ओढ सोसते. धमनीच्या फुगवट्यासारखी ती पोटात फुटत नाही. कातडी पातळ होऊन किंवा जखम होऊन कधीतरी रक्त येतं. तसं झालं तर आडवं पडायचं, पाय उंच करायचा आणि बोटाने दाबून धरायचं. मोजे मात्र रोज घाला, तेही याच नियमावर चालतात. तुमचा घोटा २२ सेंटीमीटर घेराचा आणि पिंढरी ३६ ची असेल, तर सारख्याच ओढीने गुंडाळलेली पट्टी घोट्यावर पिंढरीपेक्षा साधारण १.६ पट दाब देते, कारण घोट्याची त्रिज्या लहान. रक्ताला खालून वर ढकलायला हेच हवं असतं.

उभीच_असते

ताई, जीव भांड्यात पडला. मोजे उन्हाळ्यात काढून ठेवले होते, उद्यापासून घालते.

भोसरीकर

ताई, दाबाबद्दल माझं चुकलं. नदीचं रुंद पात्र शांत दिसतं म्हणून दाब कमी वाटला. वहीत मांडून पाहिलं, तुमचं बरोबर आहे.

पण आता मला दुसरी शंका आहे आणि ती पक्की आहे. तुम्ही ३३४ ग्रॅम काढलेत ते पूर्ण लांबीत सारखी रुंद झालेली नळी धरून. फुगवटा तसा नसतो ना? तो गोलाकडे झुकतो. गोलाला दोन दिशांनी वाक असतो आणि भार दोन्ही दिशांत वाटला जातो. म्हणून आमच्याकडे गॅसच्या मोठ्या टाक्या गोल करतात, तेवढ्याच दाबाला अर्ध्या जाडीत काम होतं. ४.१ रुंदीचा पूर्ण गोल धरला तर ओढ निम्मी, १६७ ग्रॅम. म्हणजे मूळच्या १६३ च्या अगदी जवळ! या हिशेबाने भावाची भिंत पूर्वीएवढीच ओढ सोसतेय. मग धोका कशाचा?

तळजाईकर

भोसरीकर, हे वाचून क्षणभर फार बरं वाटलं. पण ताईंचं उत्तर येईपर्यंत भावाला सांगणार नाही.

भूलतज्ज्ञ_ताई

भोसरीकरांचा हिशेब चोख आहे. नळीचा दुप्पट रुंदीचा गोल झाला तर ओढ तेवढीच राहते. बहुतेक फुगवटे पूर्ण गोलही नसतात आणि सरळ नळीही नसतात, चातीसारखे मधे फुगलेले असतात. म्हणून खरी ओढ या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असते. माझा ३३४ हा वरचा टोकाचा आकडा समजा.

पण तुमच्या टाकीत आणि धमनीत एक मोठा फरक आहे. तुम्ही गोल टाकी करता तेव्हा नवी प्लेट आणता. धमनीने नवी प्लेट आणलेली नाही. जुनीच भिंत ताणून पसरली आहे. साहित्य तेवढंच आणि घेर दुप्पट, तर जाडी निम्मी. नळी धरून ओढ दुप्पट आणि जाडी निम्मी, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक कणावरचा भार चौपट. गोल धरून ओढ तेवढीच, पण गोल व्हायला भिंत दोन्ही दिशांनी ताणावी लागते, म्हणून ती आणखी पातळ. शरीर थोडी डागडुजी करतं, नवे धागे घालतं, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं सरळ होत नाही. पण दिशा हीच.

दुसरं, भिंतीचं साहित्यच बदललेलं असतं. पुण्यात ज्यांचं लहानपण सायकलवर गेलं त्यांना हे लगेच कळेल. सायकलच्या चाकात दोन गोष्टी असतात, आतली रबरी ट्यूब आणि बाहेरचा धाग्यांचा टायर. ट्यूब ताणते, टायर ताणत नाही. धमनीच्या भिंतीतही तसंच. इलॅस्टिन नावाचे धागे ट्यूबसारखे ताणून परत येतात, आणि कोलॅजनचे धागे टायरसारखे, आधी सैल पडलेले आणि धमनी फुगली की घट्ट होऊन तिला थांबवणारे. १९५७ मध्ये मार्गो रोच आणि ॲलन बर्टन यांनी माणसाच्या धमन्या घेऊन एकीतलं इलॅस्टिन विरघळवलं, दुसरीतलं कोलॅजन. कोलॅजन गेलेली धमनी शेवटपर्यंत रबरासारखी ताणत राहिली. इलॅस्टिन गेलेली सुरुवातीपासूनच ताठ झाली. निरोगी धमनी आधी मऊ आणि मग ताठ असते. नुसत्या रबराच्या नळीला मधेच फुगा येतो तसा धमनीला रोज येत नाही तो यामुळेच. त्रिज्या वाढल्याने ओढ वाढते त्याहून जलद भिंतीचा ताठपणा वाढतो.

फुगवट्याच्या भिंतीत इलॅस्टिन जवळपास संपलेलं असतं आणि कोलॅजनही कुरतडलं जात असतं. टायरची बाजू घासून धागे उघडे पडले की तिथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो. सायकलवाला अशा फुग्याची त्रिज्या मोजत बसत नाही, आधी बोटाने टायरचे धागे चाचपतो. सिगरेट बंद करायला सांगतात ती याच धाग्यांसाठी.

गुठळीचा थर राहिला. भोसरीकर, तो वेल्ड करून बसवलेला पत्रा नाही, ओल्या स्पंजासारखा आहे. त्याच्यामागे, अगदी भिंतीला लागून दाब मोजला तेव्हा तो रक्तदाबाच्या जवळपास तेवढाच आला. म्हणजे थर दाब अडवत नाही. पण मऊ असला तरी थोडी ओढ तो स्वतः घेतो असं संगणकावरची गणितं दाखवतात. उलट, थराखालच्या भिंतीला रक्तातून मिळणारा प्राणवायू कमी पोचतो आणि ती अजून अशक्त होते. शेवटी फायदा जास्त की तोटा, यावर जाणकारांचं आजही एकमत नाही.

तळजाईकर

टायरच्या धाग्यांचं लक्षात राहील. शुक्रवार पेठेत आमच्या वाड्याजवळ एक सायकलवाले होते, ते चाक फिरवून टायरला अंगठा लावायचे आणि जिथे मऊ लागेल तिथे खडूने खूण करायचे. तो अंगठा डोळ्यांसमोर आला.

मग ५.५ ला ऑपरेशन करतात ते कुठून आलं? या सूत्रातून?

भूलतज्ज्ञ_ताई

नाही, आणि हे भावाला जरूर सांगा. तो आकडा माणसांवरच्या अनुभवातून आला. ब्रिटनमध्ये ४ ते ५.५ सेंटीमीटरचे फुगवटे असलेल्या १०९० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्या गटावर सोनोग्राफीने नजर ठेवून मोठं झालं तरच ऑपरेशन. १९९८ मध्ये निकाल आला. लगेच ऑपरेशन केलेले जास्त जगले असं दिसलं नाही. म्हणून ४.१ ला थांबणं हा निष्काळजीपणा नाही. बायकांमध्ये ऑपरेशनचा विचार जरा आधी, ५ च्या आसपास करतात. आणि रुंदीइतकंच वाढीच्या वेगाकडे पाहतात. सहा महिन्यांत अर्धा सेंटीमीटर वाढली तर आकडा लहान असला तरी डॉक्टर गंभीर होतात.

एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत असू द्या. पोटात किंवा कमरेत अचानक जोराची कळ आली आणि घाम फुटला, गरगरलं, तर मुतखडा समजून गोळी देऊन झोपवायचं नाही. गाडी काढायची आणि दारातच सांगायचं की महाधमनीचा फुगवटा आहे.

रेवाची_आई

मी विषय भरकटवत असेन तर क्षमा करा. वायुकोशांचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझी रेवा २९ व्या आठवड्यात झाली, वजन ११८० ग्रॅम. जन्मल्यावर तिचा श्वास बघवत नव्हता. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची आणि ती कण्हायची, मांजराच्या पिल्लासारखी. नवजात कक्षातल्या डॉक्टरांनी एक छोटी बाटली आणली. नर्स ती मुठीत धरून ऊब देत होत्या, हलवत नव्हत्या. आतलं औषध दुधासारखं पांढरं. ते नळीतून रेवाच्या श्वासनलिकेत सोडलं. मग तिच्या नाकाला नळी लावली आणि त्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. बाटली सारखी बुडबुडत असायची. बाटलीवर आकडे होते आणि नळी ५ च्या रेघेपर्यंत बुडवलेली होती. मी तासन्तास त्या बुडबुड्यांकडे पाहत बसायचे, थांबले की नर्सना हाक मारायचे. पांढरं औषध दिल्यावर तासाभरात तिचं कण्हणं थांबलं होतं.

ती आता सहा वर्षांची आहे, पर्वती चढते. पण त्या दोन गोष्टी नक्की काय करत होत्या हे मला कुणी सांगितलं नाही, आणि तेव्हा विचारायचं भान नव्हतं.

भूलतज्ज्ञ_ताई

रेवाची आई, विषय भरकटला नाही, प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तुम्हीच आणलात.

वायुकोशाची त्रिज्या साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. आत साध्या पाण्याचा ओलावा असता तर तो उघडा ठेवायला १४ सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब लागला असता. श्वास सोडताना त्रिज्या निम्मी झाली तर २८. म्हणजे जेवढा लहान होईल तेवढी उघडण्याची किंमत दुप्पट, आणि बाळाच्या छातीत तेवढी ताकद नाही. म्हणून बरगड्यांमधली कातडी आत जात होती. कण्हणं हा बाळाचाच प्रयत्न असतो. घशाशी हवा अडवून ते आतला दाब टिकवून धरतं, म्हणजे वायुकोश पुरते मिटू नयेत.

पांढरं औषध म्हणजे सर्फॅक्टंट. आपल्या वायुकोशातल्या काही पेशी ते स्वतः बनवतात, पण पुरेसं बनायला गर्भाचे शेवटचे आठवडे लागतात. पाण्याच्या पृष्ठभागावर त्याचे कण दाटीने उभे राहतात आणि पाण्याची ओढ मोडतात. त्यातली खुबी अशी, की वायुकोश लहान होतो तसे हे कण आणखी दाटतात आणि ओढ आणखी कमी होते, जवळजवळ शून्यापर्यंत. तळजाईकर, इथे बघा. मी म्हटलं होतं वायुकोशात ताण हट्टी असतो. सर्फॅक्टंट त्या हट्टी ताणालाच नमवतं. त्रिज्येबरोबर ताणही कमी झाला की लहान आणि मोठा वायुकोश एकाच दाबावर शेजारी नांदू शकतात. १९५९ मध्ये मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की या आजाराने गेलेल्या बाळांच्या फुप्फुसात हेच नव्हतं. तोवर त्या बाळांना नेमकं काय कमी पडतं हे माहीत नव्हतं.

आणि बुडबुड्यांची बाटली. नळी ५ सेंटीमीटर बुडवली की हवेला बाहेर पडायला तेवढं पाणी सारावं लागतं. म्हणून रेवाच्या फुप्फुसात श्वास सोडल्यावरही ५ सेंटीमीटरचा दाब शिल्लक राहत होता. वायुकोश ज्या लहान त्रिज्येला महाग पडतात तिथवर त्यांना जाऊच द्यायचं नाही, एवढंच ती बाटली करत होती. बुडबुडे थांबले म्हणजे कुठेतरी गळती आहे, दाब गेला. तुम्ही नर्सना हाक मारत होतात ते अगदी योग्य होतं.

रेवाची_आई

ताई, सहा वर्षांनी कळलं. वाचताना डोळे भरून आले. रेवाला मोठी झाल्यावर हे दाखवायला जपून ठेवते.

काकांची_पुतणी

मीच ती वहीवाली. काकांनी धागा दाखवला. एक शंका विचारते. आमच्या मॅडम म्हणाल्या की पुस्तकातलं दोन बुडबुड्यांचं चित्र, लहानातून मोठ्यात हवा जाणारं, जसंच्या तसं घेऊ नका. वायुकोश सुटे फुगे नसतात, शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक असतात, मधाच्या पोळ्यासारख्या. एक मिटायला लागला की शेजारचे त्याची भिंत ओढून उघडी ठेवतात. मग नियम लागू होतो की नाही?

भूलतज्ज्ञ_ताई

मॅडम बरोबर सांगतात. सामाईक भिंत सपाट असते, तिथे त्रिज्या कुठली घ्यायची हाच प्रश्न. निरोगी फुप्फुसात शेजाऱ्यांचा आधार किती आणि सर्फॅक्टंटचा किती, यावर शरीरशास्त्राचे लोक अजून वाद घालतात. परीक्षेत चित्र काढ, पण खाली तू आत्ता लिहिलेली दोन वाक्यंही लिही. सर्फॅक्टंट नसेल तर फुप्फुस मिटतं, यात मात्र कुणाला शंका नाही. ते रेवाच्या आईने पाहिलंय.

इको_खोली

मी हृदयाचे इको काढते, रोज पंधरा-वीस. धाग्यात हृदय अजून आलं नाही म्हणून लिहिते. ताईंच्या भाषेत सांगायचं तर इथे हट्टी दाबच आहे, पण ओढ सोसणारी भिंतच ती ओढ निर्माणही करते. धमनीची भिंत नुसती सोसते, हृदयाच्या स्नायूला कमवावं लागतं.

परवाच लागोपाठ दोन जण आले होते, त्यांचे ढोबळ आकडे देते. पहिल्याचं हृदय निरोगी. डावा कप्पा भरलेला असताना त्रिज्या २.४ सेंटीमीटर, भिंत ०.९. आकुंचन पावला की त्रिज्या १.६ आणि भिंत जाड होऊन १.३. दुसऱ्याचं हृदय पसरलेलं. भरल्यावर त्रिज्या ३.५, भिंत ०.८. आकुंचनानंतर जेमतेम ३.१ आणि ०.९. कप्पा गोल धरून दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट, असा भार काढला. निरोगी हृदयात रक्त बाहेर पडायला लागतं तेव्हा दाब ८० धरा, भार येतो १०७. शेवटाकडे दाब ११० होतो, पण भार उतरून ६८. दाब चढतोय आणि स्नायूवरचा भार उतरतोय, कारण दरम्यान कप्पा लहान आणि भिंत जाड झाली. दमत आलेल्या स्नायूला शेवटी उतार मिळतो.

दुसऱ्याच्या हृदयात सुरुवातीला दाब ७०, भार १५३. शेवटी दाब ९०, भार १५५. उतार नाहीच. रक्तदाब कमी असून पहिल्यापासून शेवटपर्यंत चढच. रुग्ण म्हणतात, "माझं बीपी तर कमी आहे, मग हृदय का थकतंय?" तेव्हा हे दोन आकडे मला त्यांना दाखवावेसे वाटतात, पण बाहेर रांग असते.

भोसरीकर

वा! म्हणजे लघवीची गोळी देतात ती हृदयाची त्रिज्या कमी करायला? आणि मग सरळ मोठ्या हृदयाचा तुकडा कापून ते लहान का करत नाहीत? सूत्राने तर लगेच फायदा दिसतो.

इको_खोली

लघवीच्या गोळीने अंगातलं जास्तीचं पाणी जातं, कप्प्यात भरणारं रक्त कमी होतं आणि कप्पा थोडा लहान होतो. हो, तो एक भाग आहे. दाब उतरवणाऱ्या गोळ्या दुसरीकडून मदत करतात. काही रुग्णांची त्रिज्या वर्ष-दीड वर्षात खरोखर आत येते. तसा इको काढताना फार आनंद होतो.

भूलतज्ज्ञ_ताई

आणि कापूनही पाहिलंय. ब्राझीलमधले शल्यविशारद रँदास बातिस्ता यांनी १९९० च्या दशकात नेमका तुमचाच विचार केला. पसरलेल्या डाव्या कप्प्याच्या भिंतीची मोठी पाचर कापून काढायची आणि कडा शिवून टाकायच्या. काही रुग्ण सुरुवातीला खूप सुधारले, जगभर लोकांनी ते करून पाहिलं. पण अनेकांची हृदयं पुन्हा पसरली, बरेच जण दगावले, आणि ते ऑपरेशन मागे पडलं. माझ्या मते कारण असं, की सूत्राला त्रिज्या दिसते, स्नायू दिसत नाही. कापलेला तुकडा काम करणारा स्नायू होता आणि उरलेला आजारीच होता. शिवाय हृदयाची भिंत त्रिज्येच्या मानाने जाड असते, कप्पा अंड्यासारखा लांबट असतो. म्हणून इको_खोलींचे आकडे तुलनेला उत्तम, पण नेमका भार म्हणून घेऊ नयेत.

इको_खोली

मान्य. मी ते तुलनेपुरतेच वापरते.

भोसरीकर

ताई, एक शेवटचं. आमच्याकडे जुन्या व्हेसलची तपासणी करताना अल्ट्रासोनिक मीटर लावून प्लेटची उरलेली जाडी जागोजागी मोजतात आणि सगळ्यात पातळ जागेवरून दाब ठरवतात. रुंदी कुणी विचारत नाही. काकांच्या भावाचीही सोनोग्राफीच झाली. मग भिंतीची जाडी का नाही मोजली?

भूलतज्ज्ञ_ताई

कारण भिंत दीड-दोन मिलिमीटरची, तिला आतून गुठळी चिकटलेली, वरून पोटाची चरबी आणि आतड्यातली हवा. बाहेरून लावलेल्या सोनोग्राफीला गुठळी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे भरवशाने सांगता येत नाही. रुंदी मात्र दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजली तरी काही मिलिमीटरच्या फरकाने तीच येते. सीटी स्कॅनवरून प्रत्येक रुग्णाच्या फुगवट्याचं संगणकात प्रतिरूप करून कुठे भार जास्त ते काढतात. पण त्यातही जाडी बहुतेक वेळा गृहीतच धरलेली असते. अंगठ्याने चाचपण्याची सोय आपल्याकडे अजून नाही.

तळजाईकर

आज भावाकडे गेलो होतो. त्याला पट्टीचं आणि १६३ ग्रॅमचं सांगितलं, टायरचंही सांगितलं. त्याने उठून कपाटातलं पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं, अर्धं भरलेलं होतं. पुढची सोनोग्राफी मार्चमध्ये आहे. मीटर तोच आणि मोजणारी व्यक्तीही शक्यतो तीच असावी, असं ताईंच्या उत्तरावरून वाटतंय. तसं सांगून तारीख घेतो. आकडा आला की इथेच लिहीन.